तिसऱ्या राऊंडला कंबर धरते : धावणाऱ्याचं कोणतं कंबरदुखणं पळून मोकळं होतं आणि कोणतं होत नाही

"मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला, वय २२, पोलीस भरतीची तयारी करतोय. दीड महिन्यापासून धावताना कमरेत खाली उजव्या बाजूला दुखतंय. पहिले दोन राऊंड काही नाही, तिसऱ्यापासून कंबर धरायला लागते. गोळा फेकताना चमक मारते. पायात मुंग्या नाहीत. एक्स-रे नॉर्मल आला. घरी म्हणतात उसण आहे, पायाळूचा पाय लावून घे. अकॅडमीतले सर म्हणतात स्नायूचं आहे, पळत राहा, मोकळं होईल. मोबाईलवर बघून रोज भुजंगासन करतोय, तर उलट वाढतंय. मैदानी दोन-तीन महिन्यांवर आहे. धावणं चालू ठेवू का? एमआरआय काढावा का?"

धावणं आणि गोळा आजपासून थांबव. भुजंगासन त्याच्याही आधी थांबव. आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एमआरआय बहुतेक लागेल.

हे मी सगळ्यांना सांगत नाही. पळताना कंबर दुखते म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरांना मी "कमी कर, पण बंद करू नको" असंच सांगते, आणि एमआरआयचं नाव काढलं तर नको म्हणते. तुझं वेगळं का, ते नीट सांगते. तू लिहिलेल्या चार ओळींत मला खटकणाऱ्या चार गोष्टी आहेत. वय पंचविशीच्या आत. दुखणं एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं. मागं वाकलं की वाढणारं. आणि दीड महिना होऊनही न हटलेलं, तेही धावणं आणि गोळा दोन्ही चालू असताना. या चारही गोष्टी एकत्र आल्या, की हाडावर ताण येऊन ते आतून चिरायला लागलंय का, हे आधी तपासायचं आणि स्नायूचं नाव नंतर घ्यायचं.

मणका म्हणजे नुसता गोल ठोकळा नव्हे. पुढं ठोकळा असतो, मागं हाडाची कमान असते आणि त्या कमानीवर वरच्या-खालच्या मणक्याशी जुळणारे छोटे सांधे असतात. वरचा सांधा आणि खालचा सांधा यांच्यामध्ये हाडाची एक अरुंद पट्टी असते, उजवीकडं एक आणि डावीकडं एक. डॉक्टर तिला पार्स म्हणतात. आपण मागं वाकतो तेव्हा शेजारच्या मणक्याचा सांधा या पट्टीवर टेकतो, आणि वाकून वर पिळा दिला तर एकाच बाजूच्या पट्टीवर सगळा दाब येतो. कमरेच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्याला हे सर्वात जास्त सोसावं लागतं.

बांधकामावर बायंडिंगची तार तोडताना पक्कड नसली तर गवंडी काय करतो? तार एकाच जागी पुढं-मागं वाकवत राहतो. पहिल्या पाच वेळा काही होत नाही, मग तार गरम होते, आणि मग एकदम तुटते. फरक एवढाच, की हाड जिवंत आहे. त्याला मधे विश्रांती मिळाली तर ते स्वतःला भरून काढतं, उलट आणखी जाड होतं. रोज वाकवलं आणि भरायला वेळच दिला नाही, तर आधी आतून सुजतं, मग बारीक चीर पडते. जलदगती गोलंदाजांना हेच होतं. जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये कमरेच्या हाडाच्या अशाच ताणामुळं बाहेर बसावं लागलं होतं, आणि २०२२ चा टी-२० विश्वचषकही पाठीच्या दुखण्यानंच हुकला. तू गोलंदाज नाहीस. पण ७.२६० किलोचा गोळा मानेशी धरून, कंबर मागं कमानीत नेऊन, पिळून फेकतोस, आणि त्याच दिवशी हजारो पावलं आपटतोस. हाडाला तो गोळा आणि क्रिकेटचा चेंडू यांतला फरक कळत नाही.

आता एक्स-रे. "नॉर्मल आला" म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि नेमकी इथंच गाडी चुकते. हाड आतून सुजलेलं असताना एक्स-रेत काहीच दिसत नाही. ताजी बारीक चीरसुद्धा बऱ्याचदा सुटते. जुनी, रुंद झालेली चीर दिसते, पण तेव्हा ती सहज भरून येण्याची वेळ निघून गेलेली असते. आतली सूज एमआरआयमध्ये दिसते, तीही चरबीचा पांढरेपणा दाबून सूज उठून दाखवणारी फिल्म घेतली तर. त्या फिल्मला स्टिर म्हणतात. म्हणून डॉक्टरांना चिठ्ठीवर नुसतं "कंबरदुखी" न लिहिता "धावणारा व गोळाफेक करणारा, पार्सचा ताण बघावा" असं लिहायची विनंती कर. सेंटरवाल्याला काय शोधायचंय तेच माहीत नसेल, तर तो गादीची सूज लिहून मोकळा होतो.

त्या गादीच्या सुजेबद्दल आत्ताच सांगून ठेवते, कारण रिपोर्ट हातात आला की पोरं ते वाचून रात्रभर झोपत नाहीत. रिपोर्टात "डिस्क बल्ज" असं येण्याची बरीच शक्यता आहे. कंबर कधीच न दुखलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी साधारण तिघांत एकाच्या रिपोर्टात ते सापडतं. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत, ताकद कमी नाही, तर त्या शब्दाला घाबरायचं नाही आणि त्यावर ऑपरेशनच्या गोष्टीही करायच्या नाहीत.

डॉक्टरांकडं जाण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी बघून ठेव, एकेकदाच. उभा राहा आणि एका बोटानं दुखरी जागा दाखव. पंजा पूर्ण कमरेवर फिरवावा लागत असेल तर दुखणं पसरट आहे, बहुधा स्नायूंचं. बोट दरवेळी त्याच एका बिंदूवर, मधल्या कण्याच्या दोन बोटं बाजूला जात असेल, तर ते लक्षात ठेव. मग आधी पुढं वाक, बोटं पायाकडं ने. सरळ हो. आता भिंतीला हात टेकून उजव्या पायावर उभा राहा आणि हळूच मागं वाक. तसंच डाव्या पायावर. पुढं वाकताना काही नाही आणि एका पायावर मागं वाकताना तीच ओळखीची चमक, तर संशय वाढतो. या चाचणीवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नको. ती नुसत्या सांध्याच्या दुखण्यातही दुखवते, आणि कधी चीर असूनही गप्प बसते. म्हणून तर फिल्म लागते.

दोन वर्षांपूर्वीचा एक पोरगा सांगते, तुझ्याच वयाचा, तुझ्याच तयारीतला. जाहिरात निघाली आणि त्यानं आठवड्यातले तीन दिवस धावणं एकदम सहा दिवसांवर नेलं. गोळ्यात गुण कमी पडत होते म्हणून रोज तीस-चाळीस फेकी चालू केल्या. तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला दुखायला लागलं. एका दवाखान्यात एक्स-रे झाला, नॉर्मल निघाला. इंजेक्शन, गोळ्या, कमरेचा पट्टा. इंजेक्शननं दोन दिवस छान वाटलं, म्हणून त्यानं त्या दोन दिवसांत उरलेले राऊंड भरून काढले. असं सहा आठवडे चाललं. माझ्याकडं आला तेव्हा त्याला मोटारसायकलवर मागं वळून बघता येत नव्हतं, आणि रात्री कूस बदलताना जाग येत होती. एमआरआयमध्ये पाचव्या मणक्याच्या डाव्या पट्टीत सूज आणि अपुरी चीर निघाली. बारा आठवडे धावणं-फेकणं बंद झालं, ती भरती गेली. पुढच्या वेळी तो मैदानावर उतरला, कंबर दुखली नाही. तिसऱ्या आठवड्यात थांबला असता तर त्या इंजेक्शनवर पळण्याचे सहा आठवडे तरी वाचले असते, हे तोच मला नंतर म्हणाला.

त्याच्या गोष्टीत मला पट्ट्याचा राग नाही, इंजेक्शनचा आहे. दुखणं मारून पळणं म्हणजे तार वाकवत असताना डोळे मिटून घेणं. त्यातून आपल्याकडचं ऊन. सकाळी पाणी न पिता वेदनाशामक घेऊन तासभर घाम गाळला तर मूत्रपिंडावर ताण येतो, तो वेगळाच.

पायाळूचं विचारलंस म्हणून सांगते. उसण म्हणजे अचानक भरलेली, श्वास घेताना पकडणारी स्नायूंची उबळ. ती चार-सहा दिवसांत आपोआप सुटते, म्हणून पायाळूला यश येतं. माझ्या आजोळी शेजारची म्हातारी पायाळू होती, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पाठ घेऊन यायचं. हळूच पाय लावला तर नुकसान नाही. पण दीड महिना टिकलेलं दुखणं ही उसण नव्हे, आणि तुझ्या कमरेवर कुणी उभं राहणं किंवा ती मागं कडकन मोडणं आत्ता चालणार नाही. भुजंगासनाचंही तेच. गादी सरकून पायात कळ जाते अशा काही लोकांना मागं वाकण्यानं खरंच आराम पडतो, म्हणून ते मोबाईलवर सगळ्यांना सांगितलं जातं. तुझं दुखणं मागं वाकण्याचंच आहे. तू रोज सकाळी तार थोडी जास्त वाकवत होतास.

आता तिसऱ्या राऊंडचं कोडं. पहिले दोन राऊंड का दुखत नाही?

चारशे मीटरच्या ग्राउंडवर सोळाशे म्हणजे चार राऊंड, तुझ्या वेगानं साधारण हजार पावलं. प्रत्येक पाऊल टेकताना जमीन वजनाच्या दोन-तीन पट जोर परत देते. तो जोर पायाचे स्नायू, कुल्ले आणि पोट मिळून गिळतात. पाय मागं जातो तेव्हा तो खुब्याच्या सांध्यातून मागं जायला हवा. खुबा पुढून आखडलेला असेल किंवा कुल्ल्याचे स्नायू थकले असतील, तर पाय तेवढाच मागं नेण्यासाठी शरीर दुसरीकडून उसनवारी करतं, आणि ती कमरेतून होते. दर पावलाला कंबर थोडी मागं कमानते. दोन राऊंड कुल्ले टिकतात. तिसऱ्यात ते थकतात, आणि उरलेली चारेकशे पावलं कंबर भरते.

यात आपल्या अकॅडम्यांची एक सवय भर घालते. "छाती पुढं, मान वर, खांदे मागं!" अशी ओरड ग्राउंडवर चालू असते. परेडला ते ठीक. पळताना छाती फुगवून पुढं काढली की बरगड्या वर उचलल्या जातात, पोट पुढं पडतं, कुल्ले मागं निघतात आणि कमरेत खड्डा पडतो. सावधानमध्ये उभं राहून कुणी सोळाशे मीटर पळत नाही.

माझ्याकडं येणाऱ्यांचा व्हिडिओ मी बाजूनं काढते, मोबाईल कमरेच्या उंचीवर धरून, एकदा पहिल्या राऊंडला आणि एकदा शेवटच्या. पहिल्यात बहुतेक सगळे सुंदर पळतात, त्यामुळं तो एकटा बघून काही कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बरगडीची खालची कड आणि कमरेचं पुढचं टोकदार हाड यांच्यातलं अंतर बघायचं. पहिल्या राऊंडला ते वीतभर असेल आणि शेवटच्या राऊंडला ताणून सव्वा वीत दिसत असेल, तर कंबर उसनवारी करतेय. सुधारायचं तेही तिथंच : वीत राखायची. पळताना श्वास सोडताना बरगड्या थोड्या खाली बसू द्यायच्या, नजर पंधरा-वीस मीटर पुढं जमिनीवर, आणि झुकायचं तर घोट्यापासून सगळं अंग मिळून किंचित पुढं, कमरेत मोडून नव्हे.

दुसरी दुरुस्ती पावलाची. पाऊल शरीराच्या फार पुढं, टाच आपटून पडत असेल तर धक्का मोठा बसतो. "लांब टाक, लांब टाक" म्हणून कुणी सांगितलं असेल तर ते विसर. हळू धावताना अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोज. ३८ वेळा आला तर वेग तोच ठेवून ४० कर. पावलं आपोआप आखूड होतात आणि अंगाखाली पडतात. एवढाच बदल पुरे. एकदम ४५ करायला गेलास तर पोटऱ्या धरतील आणि तू पुन्हा माझ्याकडं येशील, वेगळं दुखणं घेऊन.

खुबा आखडलाय का ते बघायला पक्कं टेबल किंवा बाकडं घे. अगदी कडेला बसून उताणा हो, डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धर आणि उजवा पाय कडेवरून मोकळा सोड. उजवी मांडी टेबलाच्या पातळीला येऊन टेकली तर ठीक. वर अधांतरी राहिली तर खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले आहेत. अभ्यासिकेत आठ-दहा तास बसणाऱ्यांत हे मला वरचेवर दिसतं. बसण्यानं कंबर मोडत नाही, तेवढं तिचं कौतुक करायला हवं. पण सकाळी सहाला पळायचं आणि सातपासून रात्रीपर्यंत खुर्चीत, यात खुबा पूर्ण मागं जाण्याची सवयच जाते. तासाभरानं उठून दोन मिनिटं चालणं हे खुर्चीखाली उशी घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं तुझ्या हाडाला पाहिजेच, पण नंतर. आता ज्यांचं दुखणं तुझ्यासारखं नाही, त्यांच्यासाठी थोडं, कारण हे वाचणारे बहुतेक तेच असतील.

दुखणं दोन्ही बाजूंना पसरट, पळताना जड वाटणारं, पळून झाल्यावर तासाभर राहणारं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवळणारं असेल, तर बहुधा स्नायू-सांध्यांवर अचानक भार वाढलाय. गेल्या चार आठवड्यांची डायरी काढा. कुठंतरी उडी सापडते : अंतर वाढलं, नाहीतर वेग, नाहीतर मैदानातून डांबरी रस्त्यावर गेलात. रस्त्याचीही एक गंमत आहे. हायवेच्या कडेला रोज एकाच बाजूनं पळालं तर उतारामुळं एक पाय कायम खाली पडतो, आणि मग कंबर एकाच बाजूला धरते. सपाट मैदान मिळत नसेल तर निदान रहदारी नसलेला गावाकडचा रस्ता धरून मधोमध पळा. पावसाळ्यात आपली काळी माती घसरडी आणि उन्हाळ्यात भेगाळलेली, तेव्हा मुरमाचं ग्राउंड सगळ्यात बरं.

भार वाढल्याच्या दुखण्यात धावणं निम्म्यावर आणायचं, दोन आठवडे वेगाचे राऊंड टाळायचे, आणि दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालवून घ्यायचं, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नसावं. सकाळी वाढलं तर कालचं जास्त झालं, उद्या कमी. एवढा हिशेब ठेवला तर बहुतेक कंबरा तीन-चार आठवड्यांत सुटतात. नाही सुटल्या तर दाखवायचं.

त्याच काळात एका व्यायामावर माझा भर असतो, तो दाखवते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे. एक गुडघा छातीशी हातानं धरून ठेवायचा, म्हणजे कंबर कमानीला जाऊच शकत नाही. दुसरी टाच जमिनीत दाबून कुल्ले उचलायचे, तीन आकडे थांबायचं, खाली यायचं. उचलताना कुल्ल्यात ताण यायला हवा. मांडीच्या मागं गोळा येत असेल तर टाच अंगाजवळ घ्यायची. दोन्ही बाजूंनी किती जमतात ते मोजायचं. एकीकडं पंधरा आणि दुसरीकडं सात, असं मी रोज बघते, आणि त्या सातवाल्या बाजूनं तिसऱ्या राऊंडला काय केलं असेल ते सांगायला एमआरआय लागत नाही. एक दिवसाआड, तीन वेळा, दमेपर्यंत. जोडीला कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ उचलून धरणं, वीस-तीस सेकंद. दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम वर उचलायचा व्यायाम मात्र कंबर दुखत असताना सोडून द्या. पोट दमलं की तो सगळा कमरेवर येतो.

आता पुन्हा तुझ्याकडं. एमआरआय स्वच्छ निघाला तर वरचंच सगळं तुला लागू, आणि मैदानी गाठता येईल. पट्टीत नुसती सूज किंवा ताजी चीर निघाली, तर साधारण तीन महिने धावणं-फेकणं बंद, नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. तोवर झोपून राहायचं नाही. सपाटीवर चालणं, दुखत नसेल तर सायकल, वरचा कुल्ल्याचा व्यायाम, सगळं कमान न करता. दुखणं दोन-तीन आठवड्यांत थांबेल, आणि खरी परीक्षा तीच. दुखणं आधी थांबतं, हाड नंतर भरतं. माझ्या पोरांपैकी बरेचजण पाचव्या आठवड्याला "मॅडम, आता काहीच नाही" म्हणून गुपचूप ग्राउंडवर जातात.

परत सुरुवात करायची ती दोन अटींवर : एका पायावर मागं वाकून अजिबात दुखत नाही, आणि अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी काही नाही. मग एक दिवसाआड, एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. दर आठवड्याला धाव थोडी वाढवत आणि चाल कमी करत पाच-सहा आठवड्यांत सलग वीस मिनिटं. त्यानंतर वेग. गोळा सगळ्यात शेवटी, आधी हलका, आधी उभ्यानं, फेकी मोजून. ५० गुणांच्या मैदानीत सोळाशेला २० आहेत आणि गोळ्याला १५, म्हणून गोळा सोडता येत नाही हे मला कळतं. पण रोज चाळीस फेकींनी जे होत नाही ते आठवड्यात दोन दिवस पंधरा नीट फेकींनी होतं. ही भरती यात जाऊ शकते. ते तुला आत्ताच सांगणं मला बरं वाटतं.

काही दुखणी धावण्याच्या आड लपून येतात, ती ओळखायला हवीत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, चवडा उचलता न येणं, दोन्ही पायांत ताकद जाणं, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ पडेल ते. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षय आपल्याकडं अजून दिसतो, तो बघायला हवा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली, हालचाल केली की सुटणारी, विश्रांतीनं उलट वाढणारी, आणि तीन महिन्यांहून जुनी असेल, तर तो मणक्याचा वात असू शकतो. त्याचे डॉक्टर वेगळे आणि औषधही वेगळं. ही पोरं गंमत म्हणजे "पळालं की बरं वाटतं" म्हणतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्यांना गंभीरपणे घेत नाही. आणि कळ कुशीतून जांघेकडं लाटेसारखी येत असेल, कुठल्याच स्थितीत चैन पडत नसेल, लघवी लाल होत असेल, तर तो मुतखडा. एप्रिल-मेमध्ये कंबर म्हणून माझ्याकडं आलेले असे दोघं-तिघं तरी मी दरवर्षी परत पाठवते.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. आठशे मीटरच्या तयारीत वजन उतरवण्यासाठी जेवण तोडलं आणि पाळी दोन-तीन महिने आली नाही, त्यात कमरेच्या अगदी खाली, कुल्ल्याच्या वरच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, तर ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावरचा ताण असू शकतो. पाळीबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतः सांगायचं. भाकरी वाढवल्याशिवाय ते हाड भरत नाही.

डॉक्टरांकडं जाताना एक्स-रे ने, आणि एका कागदावर लिहून ने : दुखणं कधी सुरू झालं, त्याआधीच्या चार आठवड्यांत राऊंड आणि फेकी किती होत्या, आता किती आहेत, कुठली इंजेक्शनं-गोळ्या झाल्या. आणि तपासताना त्यांनी तुला फक्त पुढं वाकवलं, तर "मागं वाकल्यावर दुखतं, ते पण बघा" एवढं आपणहून म्हण.